जिभेची जागा

पेशंटला आत बोलवायच्या आधी दाराच्या काचेतून दोन मिनिटं बाहेर बघायची मला सवय आहे. लहान मुलं असली तर हमखास बघते, कारण खुर्चीत बसल्यावर मूल शहाण्यासारखं तोंड मिटून बसतं आणि बघायचं तेच निसटतं. एकदा बाकावर आठ वर्षांचा एक मुलगा कॉमिक वाचत होता. पुस्तकात पुरता बुडालेला, ओठांमध्ये सहज बोट मावेल एवढी फट. खालचा ओठ जाड, कोरडा, मधोमध चिरलेला. दर दोन पानांनी तो बाहीनं हनुवटी पुसायचा, आणि मध्येच तळहातानं नाकाचा शेंडा खालून वर घासायचा. हे घासणं ॲलर्जीवाल्या मुलांचं खास लक्षण आहे. डॉक्टर मंडळी गमतीनं त्याला ॲलर्जीचा सलाम म्हणतात, आणि हा सलाम वर्षानुवर्षं चालला की नाकावर एक आडवी बारीक रेघ उमटते. याच्या नाकावर ती होती.

आत आल्यावर आई म्हणाली, "डॉक्टर, याचे दात पुढे येतायत. तार कधी लावायची?"

सोबत आजी होत्या. त्यांनी दोष आधीच मालिशवाल्या बाईवर टाकला होता. तिनं बाळपणी नाक नीट ओढलं नाही, म्हणून. "आणि झोपेत तोंड उघडं टाकतो तर टाकू दे," त्या म्हणाल्या, "याचे आजोबाही तसेच झोपायचे. मोठा झाला की जाईल."

आजींचं हे शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि सगळी गोम त्या अर्ध्यातच आहे. तिकडे वळण्याआधी जीभ रिकाम्या वेळी कुठे असते ते बघू.

वाचता वाचता क्षणभर थांबून स्वतःची जीभ तपासा. ओठ मिटलेले असतील, श्वास नाकानं चालू असेल, तर जीभ टाळूला चिकटून पसरलेली सापडेल. तिचा शेंडा वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे असतो आणि दात एकमेकांपासून किंचित सुटे असतात. बोलणं, खाणं, गिळणं सोडलं तर दिवसरात्र जीभ इथेच मुक्काम करते. वरच्या जबड्याला बाहेरून गाल आणि ओठ हलकेच दाबत असतात, आतून जीभ त्यांना तोलून धरते. दोन्ही दाब अगदी कमी, पण तासन्‌तास टिकणारे. दात आणि त्यांच्या भोवतीचं हाड नेमकं अशाच दाबाला वश होतं. घास चावताना लागणारा जोर कितीतरी मोठा असतो, पण तो क्षणात येतो आणि जातो, त्यानं दात हलत नाहीत. आमची तारसुद्धा याच तत्त्वावर चालते, थोडा जोर आणि पुष्कळ वेळ.

लहान मुलाचा वरचा जबडा म्हणजे दोन अर्धे भाग, टाळूच्या मधोमध एका शिवणीनं जोडलेले. वाढत्या वयात ही शिवण पक्की झालेली नसते, म्हणून जबडा रुंदीला वाढू शकतो. आता नाक बंद झालं असं धरा. तोंडानं श्वास घ्यायचा तर जबडा खाली सोडावा लागतो आणि जबड्याबरोबर जीभही टाळू सोडून तळाशी जाते. आतून तोलणारं कोणी उरत नाही, बाहेरून ताणलेले गाल मात्र दाबतच राहतात. मग वरची दंतपंक्ती गोल कमानीऐवजी निमुळती होते, टाळू अरुंद आणि उंच होतो. अरुंद जबड्यात दातांना जागा पुरत नाही, ते एकमेकांवर चढतात. काही मुलांत वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसू लागतात. खरं तर पेटीच्या झाकणासारखी वरची रांग बाहेर हवी.

यातला दुसरा भाग मला नेहमी जास्त चटका लावतो. टाळू म्हणजे तोंडाचं छत, पण तेच नाकाची जमीन आहे. छत अरुंद झालं की वरच्या मजल्यावरची खोलीही अरुंद होते. नाक चोंदलं म्हणून तोंड उघडलं, तोंड उघडलं म्हणून जबडा अरुंद झाला आणि जबडा अरुंद झाला म्हणून नाकातली वाट आणखी आवळली. असा हा फेरा आहे.

उंचीचाही हिशेब बिघडतो. दात वर येत येत समोरच्या दाताला टेकतो तेव्हा थांबतो. तोंड सदा उघडं असेल तर मागच्या दाढांना टेकायला कोणी भेटत नाही, त्या थोड्या जास्तच वाढतात. मग तोंड मिटताना दाढा आधी भिडतात, खालचा जबडा खाली आणि मागे झुकतो, पुढच्या दातांमध्ये फट राहते. चेहरा लांबोळा दिसू लागतो, हनुवटी मागे गेल्यासारखी वाटते, हसताना दातांपेक्षा हिरड्याच जास्त दिसतात. ओठ मिटवायला सांगितलं तर मूल मिटवतं, पण हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या पडतात, कारण ते ओठ जोर लावून मिटलेले असतात.

हे सगळं आम्हाला नव्यानं कळलेलं नाही. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या डॉक्टरांनी १८६८ साली नाकाच्या मागे, घशाच्या छताला वाढणाऱ्या मऊ गाठींचं वर्णन केलं. त्यांनाच आज आपण ॲडिनॉइड म्हणतो. उघडं तोंड, थकलेले डोळे आणि लांब चेहरा या रूपाला पुढे 'ॲडिनॉइडचा चेहरा' असंच नाव पडलं. शंभर वर्षांनी, १९७०च्या दशकात, अमेरिकेत एगिल हारवोल्ड यांनी माकडांच्या पिल्लांची नाकं बुचं घालून बंद केली. आज असा प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. नाक बंद झालेल्या माकडांचे जबडे बिघडले, मात्र सगळ्यांचे एकसारखे नाही. कोणी जबडा खाली टाकला, कोणी पुढे काढला, कोणी जीभ बाहेर ठेवली, आणि ज्यानं जी युक्ती धरली तसं त्याचं हाड वळलं. त्याच काळात स्वीडनचे स्टेन लिंडर-आरॉन्सन ॲडिनॉइड काढलेल्या मुलांची मापं पुढची काही वर्षं घेत राहिले. नाक मोकळं झाल्यावर बऱ्याच मुलांची दंतपंक्ती थोडी रुंदावली, जबड्याच्या वाढीची दिशा सुधारली. पण थोडीच, आणि सगळ्यांची नाही.

हे 'थोडीच' आणि 'सगळ्यांची नाही' मी मुद्दाम अधोरेखित करते. हल्ली मोबाइलवर अशा चित्रफिती फिरतात की तोंडानं श्वास घेतला म्हणजे चेहरा बिघडलाच आणि नाकानं घेतला की तो देखणा झालाच. तसं नसतं. चेहऱ्याची लांबी-रुंदी मुख्यतः घराण्यातून येते. माकडांची नाकं पूर्ण बंद केली होती, मुलांची बहुधा अर्धवट बंद असतात. काही मुलांचे ओठ नुसतेच उघडे असतात आणि श्वास मात्र नाकानं चालू असतो. त्यामुळे उघडं तोंड दिसलं की आधी खात्री करायची.

ती कशी, हे त्या मुलावरच सांगते. नाकाखाली मी थंड स्टीलची आडवी पट्टी धरली, घरी हातआरसा चालतो. उजव्या नाकपुडीखाली वाफेचा मोठा गोल उमटला, डावीखाली नखाएवढा ठिपका. मग एक घोट पाणी तोंडात धरायला दिलं आणि गिळायचं नाही असं सांगितलं. नाक मोकळं असलेलं मूल गप्पा ऐकत दोन-तीन मिनिटं सहज बसतं. याच्या चाळिसाव्या सेकंदाला भुवया वर गेल्या आणि पन्नासाव्याला तो बेसिनकडे धावला. सर्दी असताना ही परीक्षा घेऊ नये, आणि तीत नापास झाल्यावर कारण कळत नाही. नाकाला काही तरी अडचण आहे एवढंच कळतं.

मग तोंडात पाहिलं. वरच्या पुढच्या सहा दातांच्या हिरड्या लाल, फुगलेल्या, चकाकणाऱ्या, आणि त्याला लागून बाजूच्या हिरड्या अगदी निरोगी. ओठ जिथपर्यंत झाकतो तिथे जणू रेघ मारलेली. उघड्या भागावरची लाळ सुकते, कीट चिकटून बसतं आणि हिरडी सुजते. घासत नाही म्हणून या मुलांना रोज बोलणी बसतात, त्यातली निम्मी अन्यायाची असतात. वरचे दात खालच्यांच्या सात मिलिमीटर पुढे होते, साधारण दोन-तीन चालतात. टाळू उंच. उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत, त्यामुळे तोंड मिटताना त्याचा जबडा शेवटच्या क्षणी उजवीकडे सरकत होता.

आईला विचारलं, रात्री घोरतो का? "थोडंसं." थोडंसं म्हणजे किती, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मी पालकांना कालनिर्णयवर खुणा करायला सांगते. मूल झोपल्यावर तासाभरानं दोन मिनिटं उशाशी बसायचं. घोरत असेल तर त्या तारखेच्या चौकोनात 'घो', तोंड उघडं असेल तर 'उ', श्वास अडकून मग दचकल्यासारखा सुटला तर फुली. दोन आठवड्यांनी ते पान घेऊन या म्हटलं. पानावर चौदापैकी अकरा 'घो' होते, 'उ' रोज, आणि दोन फुल्या. शिवाय आईनं समासात लिहिलं होतं, मान मागे टाकून झोपतो, उशी घामानं भिजते.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणारं मूल तपासायला हवं, मग दात कसेही असोत. फुल्या असतील तर लवकर. त्या मुलांना झोपेत ऑक्सिजन कमी पडत असू शकतो, आणि असं मूल दिवसा पेंगत नाही, उलट चिडचिडं आणि चळवळं होतं. शाळेतून लक्ष नसतं अशी तक्रार येते. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. चेहऱ्याची काळजी त्यानंतरची.

म्हणून मी आईला सांगितलं, तार नंतर, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. दातांच्या डॉक्टरनं पेशंट दुसरीकडे पाठवला की लोकांना जरा नवल वाटतं, पण चोंदलेल्या नाकावर तार बसवणं म्हणजे गळकं छत तसंच ठेवून भिंत रंगवणं.

तिथे दुर्बिणीतून पाहिल्यावर ॲडिनॉइडनं मागची वाट तीन चतुर्थांश अडवलेली दिसली. टॉन्सिल फार मोठे नव्हते. कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलं होतं, कारण कान आणि घसा जोडणारी नळी त्या गाठींच्या शेजारीच उघडते. टीव्हीचा आवाज सतत मोठा का, या घरातल्या भांडणाचा निकाल तिथे लागला. सोबत धुळीची ॲलर्जी होतीच. त्यांच्या इमारतीसमोर वर्षभर बांधकाम चालू होतं, आणि घरात रोज संध्याकाळी मच्छरची कॉइल.

पहिले तीन महिने नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याचे थेंब. स्टेरॉइड म्हटल्यावर आजी घाबरल्या. हे औषध नाकातच काम करतं, रक्तात फारच थोडं जातं, आणि बऱ्याच मुलांत गाठी त्यानं आक्रसतात. मात्र मारायची पद्धत चुकली तर काही उपयोग नाही. डोकं जरा पुढे झुकवायचं, फवाऱ्याचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही तर त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे धरायचं आणि जोरात ओढायचं नाही. याउलट नाक झटक्यात मोकळं करणारे जे थेंब मिळतात ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलांना घालू नयेत, आणि सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त तर नाहीच, नाही तर नाक उलटून जास्त चोंदतं. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल घालायची आपली जुनी रीतही सोडून द्यावी. ते तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आणि रात्री मुलाच्या ओठांवर पट्टी चिकटवायचं जे नवीन खूळ आलं आहे, त्याबद्दल एवढंच म्हणते, की ज्याचं नाक बंद आहे त्याचं तोंडही बंद करू नका.

कॉइल बंद झाली, गाद्या उन्हात पडू लागल्या, फवारा नेमानं चालला. ॲलर्जी बरीच उतरली, पण फुल्या गेल्या नाहीत आणि कानातलं पाणी हटलं नाही. मग गाठी काढायचं ठरलं. आता आजींचं ते वाक्य. ॲडिनॉइड साधारण तीन ते सात वर्षांत सगळ्यात जास्त अडचण करतात आणि वयात येईपर्यंत आपोआप आक्रसतात, म्हणजे मोठा झाला की जाईल हे गाठींपुरतं खरं. पण चेहऱ्याच्या वाढीतली मोलाची वर्षं नेमकी तीच, आणि किशोरवयात टाळूची शिवण हळूहळू आवळत जाते. गाठ बाराव्या वर्षी गेली तरी तोवर अरुंद झालेला जबडा रुंद होऊन परत येत नाही. दोन घड्याळं वेगवेगळ्या गतीनं चालतात आणि आपण पाहत बसतो ते नेमकं चुकीचं.

शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी मुलगा आला. पट्टीवर वाफेचे दोन्ही गोल सारखे. पाण्याचा घोट त्यानं अडीच मिनिटं धरला. आणि बाहेरच्या बाकावर मात्र तोंड तसंच उघडं! वाट मोकळी झाली तरी ओठांना आणि जिभेला जुनी सवय सुटत नाही, अरुंद टाळूत जिभेला मावायला जागाही नसते. इथे आमचं काम सुरू होतं. वरच्या दाढांना पक्की बसवलेली, मधोमध स्क्रू असलेली एक क्लिप. घरी छोट्या किल्लीनं स्क्रू एकदा फिरवला की पाव मिलिमीटर रुंदी वाढते. दाढा तेवढ्या बाहेर ढकलण्याचा हा प्रकार नाही, जबड्याचे दोन अर्धे शिवणीत विलग होतात आणि मधल्या फटीत पुढे नवं हाड भरतं. आईला मी आधीच सांगितलं होतं, तरी दहाव्या दिवशी फोन आलाच. "डॉक्टर, पुढच्या दोन दातांत ही एवढी फट पडलीय!" हीच फट हवी असते, जबडा खरोखर उघडल्याची ती खूण. काही आठवड्यांत ती आपोआप मिटते. क्लिप मात्र सहा महिने तशीच ठेवली, कारण घाईनं काढली तर कमावलेली रुंदी परत जाते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलात हेच काम इतकं सोपं राहत नाही, कधी हाडात पेच बसवावे लागतात, कधी शस्त्रक्रिया.

सोबत व्यायाम. अभ्यास करताना ओठांत आइस्क्रीमची काडी आडवी धरायची, दातांत नाही, रोज पंधरा मिनिटं. गिळताना जिभेचा शेंडा टाळूच्या ठरलेल्या जागी. नाक मोकळं नसेल तर हे व्यायाम म्हणजे मुलाचा छळ, म्हणून क्रम महत्त्वाचा.

वर्षाअखेर दाढा नीट बसत होत्या, जबडा सरळ मिटत होता, हिरड्या गुलाबी झाल्या होत्या. दात अजून चार मिलिमीटर पुढे आहेत, त्यासाठी बाराव्या वर्षाच्या आसपास तार लागेल. चेहरा थोडा लांबच आहे. तो पाचव्या वर्षी आला असता तर किती फरक पडला असता ते मी सांगू शकत नाही, पण आठव्याला आला ते पंधराव्याला येण्यापेक्षा बरं झालं हे मात्र सांगू शकते.

मग दाखवायचं कधी? सर्दीत सगळीच मुलं तोंड उघडतात, त्यासाठी धावपळ नको. सर्दी जाऊन तीन आठवडे झाले आणि तोंड तरीही उघडंच, तर बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. दातांची पहिली नीट तपासणी सातव्या वर्षाच्या आसपास, तेव्हा पुढचे पक्के दात आणि पहिल्या पक्क्या दाढा येत असतात. तीनच गोष्टींत थांबायचं नाही. नवजात बाळ दूध पिताना निळं पडतं आणि रडल्यावर गुलाबी होतं, तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर बहुतेक वेळा आत मणी, शेंगदाणा किंवा फोमचा तुकडा अडकलेला असतो. तो बटणासारखा छोटा सेल असेल तर तासाभराचाही उशीर नको, कारण तो आतून भाजतो. आणि वयात येणाऱ्या मुलाचं एकाच बाजूचं नाक बंद होऊन त्यातून वारंवार रक्त येत असेल, तर ते उन्हाचं म्हणून सोडून देऊ नये. नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते.

गेल्या आठवड्यात आई या महिन्याचं पान घेऊन आल्या होत्या. आता खुणा आजी करतात. 'घो' एकही नाही, फुली नाही. 'उ' चार, सलग चार दिवस, आणि शेजारी आजींच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं, 'पावसात भिजला, सर्दी.'